सरांना हिंदीत ईमेल लिहायची आहे, मुदतवाढ मागायची आहे. मराठीतून केलेलं भाषांतर कोणी तपासून देईल का?

वैदेही_लातूर | १३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लातूरची, सध्या उत्तर प्रदेशातल्या एका विद्यापीठात हिंदीत एम.ए. करते आहे, दुसरं सत्र. आमचे एक सर फक्त हिंदीतच पत्रव्यवहार करतात, इंग्रजी ईमेल आली तर उत्तरच देत नाहीत असं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. संत नामदेवांच्या हिंदी पदांवर एक लेखी काम १५ मार्चपर्यंत द्यायचं आहे. मध्ये आईचं ऑपरेशन झालं, मी आजच लातूरहून परत आले. मला २२ पर्यंत मुदत हवी आहे.

बोलायला हिंदी चांगली येते, परीक्षेतही लिहिते. पण सरांना मागणं घालायचं म्हटलं की डोक्यात आधी मराठीच येतं. म्हणून आधी मराठीत लिहून काढलं:

> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी एम.ए. दुसऱ्या सत्राची विद्यार्थिनी. नामदेवांच्या हिंदी पदांवरचा निबंध तुम्ही १५ मार्चपर्यंत सादर करायला सांगितला होता. ४ तारखेला माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आई दवाखान्यात होती, त्यामुळे मी आठ दिवस लातूरला होते. माझं संशोधन बरंचसं झालं आहे, लिखाण राहिलं आहे. मला २२ मार्चपर्यंत मुदतवाढ मिळावी ही नम्र विनंती. उशिराबद्दल राग नसावा. तुम्ही जी शिक्षा द्याल ती मान्य आहे. काही सूचना असल्यास द्या.

मग हिंदी केलं:

> आदरणीय सर जी, सप्रेम नमस्कार। मैं एम.ए. दूसरे सत्र की विद्यार्थिनी हूँ। नामदेव के हिंदी पदों पर निबंध आपने १५ मार्च तक सादर करने को कहा था। ४ तारीख को मेरी माँ का पित्ताशय का ऑपरेशन हुआ। माँ अस्पताल में थी, इसलिए मैं आठ दिन लातूर में थी। मेरा संशोधन काफी हो गया है, लेखन रह गया है। मुझे २२ मार्च तक मुद्दत बढ़ाकर मिले यह नम्र विनती। देरी के लिए राग न हो। आप जो शिक्षा देंगे वह मान्य है। कुछ सुझाव हो तो आप दो।

काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही. उद्या सकाळी पाठवायची आहे.

---

पिंट्या_सातारकर | रात्री ९:५२

एवढं कशाला? सरळ फोन कर. नाहीतर वर्गातल्या कोणाला तरी सांग, सरांच्या कानावर घाल म्हणावं. आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा मुदत मागायची पद्धतच नव्हती, सगळ्या वर्गाने मिळून एकदम उशीर करायचा.

---

मनीषा_इंदूरकर | रात्री १०:०५

वैदेही, पाठवू नकोस अजून! आम्ही तीन पिढ्यांपासून इंदुरात, घरात मराठी आणि दार उघडलं की हिंदी. तुझी हिंदी वाचून हसू आलं, पण वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या आत्याही पन्नास वर्षं अशीच हिंदी बोलल्या.

सगळ्यात आधी ते शेवटून दुसरं वाक्य काढ. ‘आप जो शिक्षा देंगे वह मान्य है.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सरांना वाटेल, ही मुलगी म्हणतेय की तुम्ही जे शिकवाल ते मी मान्य करीन. मग इतके दिवस काय मान्य करत नव्हतीस का? :)

आणि ‘राग न हो’ हेही गेलं. हिंदीत राग म्हणजे एक तर यमन-भूप, नाहीतर मोह-आसक्ती. रागावण्याला तिकडे गुस्सा किंवा नाराज़गी.

---

वैदेही_लातूर | रात्री १०:११

अरे देवा. शिक्षा म्हणजे शिक्षण हे मला माहीत आहे हो, ‘शिक्षा मंत्रालय’ रोज वाचते. पण लिहिताना लक्षातच आलं नाही.

---

काशीकर | रात्री १०:३४

मी नागपूरचा, पण नोकरी उत्तरेत हिंदी शिकवण्यात गेली. आता निवृत्त आहे. अशी पत्रं मला शेकड्यांनी आली आहेत, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

शिक्षा आणि राग या चुका ढोबळ आहेत. वाचणारा हसतो, मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. तुझ्या पत्रातला खरा धोका ‘मेरा संशोधन काफी हो गया है’ या वाक्यात आहे, कारण ते वाक्य हिंदीत अगदी बरोबर आहे आणि त्याचा अर्थ भलताच होतो. आपल्या मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं. हिंदीत त्याला शोध किंवा अनुसंधान म्हणतात. संशोधन म्हणजे तिथे दुरुस्ती. आपण ज्याला घटनादुरुस्ती म्हणतो ते त्यांचं संविधान संशोधन.

म्हणजे सर वाचणार: ‘माझ्या दुरुस्त्या बऱ्याचशा झाल्या आहेत.’ दुरुस्त्या झाल्या याचा अर्थ निबंध लिहून तयार आहे. आणि पुढच्याच शब्दांत तू म्हणतेस की लेखन राहिलं आहे. सरांना दोन्हींचा मेळ लागणार नाही. संशयी गृहस्थ असतील तर म्हणतील, मुलगी थापा मारते आहे. मराठी मुलांच्या बाबतीत असा घोटाळा माझ्यासमोर दोनदा झालेला आहे. गुजरातीतही संशोधनाचा अर्थ आपल्यासारखाच, त्यामुळे बडोद्याकडची मुलंही इथेच अडकायची.

मूळ लिहिताना तुला काय सांगायचं होतं ते मला सांग. पदं गोळा केलीस? पाठ ताडून पाहिलेस? ‘शोध हो गया’ असं मोघम लिहिण्यापेक्षा तेच लिही.

---

वैदेही_लातूर | रात्री १०:४८

काका, गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातली मी २० घेतली आहेत आणि मराठी गाथेत जी हिंदी पदं छापलेली आहेत त्यांच्याशी पाठ जुळवून पाहिला आहे. तक्ता तयार आहे. फक्त त्यावर लिहायचं आहे.

---

घुमानचा_वारकरी | रात्री १०:५५

वा वा, काय सुंदर विषय! २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा आम्ही रेल्वेने गेलो होतो, ती आठवण ताजी झाली. पंजाबात नामदेवांबद्दल काय आदर आहे, लोक पाया पडत होते. ताई, निबंध झाला की इथे जरूर टाका. ईमेलबद्दल मला काही कळत नाही, पण नामदेवांचं काम आहे, अडणार नाही.

---

बँकवाला_अधिकारी | रात्री ११:०२

मी राष्ट्रीयीकृत बँकेत, राजभाषा विभागाशी माझा संबंध येतो. हिंदीत अर्ज लिहायची ठरलेली पद्धत आहे, भाषांतराच्या भानगडीत पडायचंच नाही. वरती ‘सेवा में’, खाली सरांचं पद, विभाग, विद्यापीठ. मग विषय. मग ‘महोदय, सविनय निवेदन है कि मैं आपके विभाग की छात्रा हूँ’. शेवटी ‘अतः श्रीमान से करबद्ध प्रार्थना है कि मुझे सात दिनों का अतिरिक्त समय प्रदान करने की कृपा करें, आपकी अति कृपा होगी’. खाली ‘आपकी आज्ञाकारिणी शिष्या’. यात चूक होऊच शकत नाही.

---

काशीकर | रात्री ११:१५

चूक होत नाही, खरं आहे. पण हा शाळेतला छुट्टीचा अर्ज झाला. उत्तरेतलं प्रत्येक मूल सहावीत तो पाठ करतं. एम.ए.च्या मुलीने आपल्याच सरांना ‘करबद्ध प्रार्थना’ लिहिली तर दोनच अर्थ निघतात. एक तर तिला हिंदी येत नाही म्हणून साचा उतरवला, किंवा थट्टा चालली आहे. ओळखीच्या माणसाला ‘श्रीमान’ म्हटलं की अंतर पडतं. कुलसचिवांकडे अर्ज करायचा असता तर तुमचा साचा मी डोळे मिटून दिला असता.

तरीही तुमच्या पत्रात एक गोष्ट अगदी बरोबर आहे, ती वैदेहीने उचलावी: ‘करने की कृपा करें’.

वैदेही, तुझं वाक्य बघ. ‘मुझे मुद्दत बढ़ाकर मिले यह नम्र विनती.’ मराठीत ‘मुदतवाढ मिळावी ही विनंती’ हे अत्यंत नम्र आहे. का? तर त्यात देणारा दिसतच नाही. मिळावी, व्हावे, करावे, यावे. आपली अदब अशी की समोरच्या माणसाला वाक्यातून उचलून बाजूला बसवायचं, त्याच्यावर काही करायची वेळ आणायची नाही. मुदत जणू आपोआप मिळणार. हिंदीची अदब बरीचशी उलट चालते. तिथे माणूस वाक्याच्या मधोमध हवा, ‘आप’ म्हणून, आणि जे काही करायचं ते त्याने केलेली कृपा म्हणून. ‘आपसे निवेदन है कि २२ मार्च तक का समय देने की कृपा करें.’ तुझ्या वाक्यात ‘मुझे’ आहे, ‘आप’ कुठेच नाही. हिंदी कानाला ते मागणीपत्रासारखं लागतं. वर ‘कि’ न जोडता ‘यह नम्र विनती’ असं शेवटी टांगलेलं. ती तर शुद्ध मराठी आहे, फक्त कपडे हिंदी.

---

मनीषा_इंदूरकर | रात्री ११:२८

काका, इथे थोडं अडते. हिंदीतही देणाऱ्याला लपवता येतं की. ‘यदि २२ तक का समय मिल सके तो आभारी रहूँगी.’ यात ‘आप’ नाही, तरी खूप मऊ आहे. माझा नवरा कॉलेजात शिकवतो, त्याला मुलं असंच लिहितात आणि त्याला ते ‘कृपा करें’पेक्षा बरं वाटतं. कृपा-बिपा म्हटलं की तो म्हणतो, मी काय देव आहे?

---

काशीकर | रात्री ११:३६

मान्य. ‘मिले’ आणि ‘मिल सके’ यातला ‘सके’ सगळं काम करतो. आणि ‘यदि-तो’ मुळे नाही म्हणायला जागा राहते. माझ्या पिढीला कृपा लागते, तुझ्या नवऱ्याच्या पिढीला कदाचित नाही. वैदेहीचे सर किती वयाचे आहेत त्यावर ठरेल.

---

वैदेही_लातूर | रात्री ११:४०

पन्नाशीच्या पुढचे. धोतर नाही, पण झब्बा असतो :)

---

काशीकर | रात्री ११:४३

मग दोन्ही घाल. आधी ‘मिल सके तो’, आणि शेवटी एकदाच कृपा. एकदाच.

---

भैय्याजी_पुणेकर | रात्री ११:५०

मी चार वर्षं लखनौ-बनारस भागात होतो. तिकडे ‘मैं’ म्हणणं उद्धट समजतात, सगळे ‘हम’ म्हणतात. ताई, तुम्ही ‘हम आपकी छात्रा हैं’ असं लिहा, सर खूश होतील. आणि प्रणाम नाही, ‘चरण स्पर्श’.

---

मनीषा_इंदूरकर | रात्री ११:५८

भैय्याजी, बोलताना हम म्हणतात हे खरं, मुलीही ‘हम जा रहे हैं’ म्हणतात. पण ते तिथल्या माणसाच्या तोंडी शोभतं. लातूरच्या मुलीने लेखी पत्रात ‘हम’ लिहिलं तर सरांना आधी प्रश्न पडेल की आणखी कोणाकोणाला मुदत हवी आहे. लिहिताना ‘मैं’च. त्यात उद्धट काही नाही.

चरण स्पर्श लिहिणारे आहेत, नाही असं नाही. पण रोज तोंडी म्हणत नसशील तर पत्रात अचानक नको. ‘सादर प्रणाम’ पुरे.

---

खडूस_परीक्षक | १४ मार्च, सकाळी ६:२०

मी पुण्यात शिकवते, हिंदी नाही, अर्थशास्त्र. पण मुदतवाढीच्या ईमेल महिन्याला ढिगाने येतात, मराठी-इंग्रजी दोन्ही. भाषेचं तुम्ही बघताय, मी मजकुराचं बोलते.

‘आठ दिवस लातूरला होते.’ मराठीत आठ दिवस म्हणजे एक आठवडा, सहा ते दहा दिवसांमध्ये काहीही. ‘येतो आठ दिवसांनी’ म्हणणारा माणूस कधी येतो ते आपल्याला ठाऊक आहे. हिंदीत आठ दिन म्हणजे आठ. सर मोजणार: ४ तारखेला ऑपरेशन, अधिक आठ, म्हणजे ११-१२ला परत. मग १३ला का लिहितेस? नेमक्या तारखा दे. कधी गेलीस, कधी आलीस?

दुसरं, शिक्षेचं वाक्य भाषांतर करूनही ठेवू नकोस, ‘जो भी दंड देंगे’ वगैरे. मला असं लिहिलेलं आलं की मी चिडते. मुदत द्यायची की नाही एवढंच मला ठरवायचं असतं. आता दंड काय करायचा तेही मीच ठरवायचं?

तिसरं, आज १४. मुदत १५ची. ऑपरेशन ४ला होतं हे ३ला माहीत होतं ना? तेव्हाच दोन ओळी टाकायला हव्या होत्या.

---

वैदेही_लातूर | सकाळी ७:०५

मॅडम, ३ला निघाले आणि काल १३ला आले. तेव्हा लिहायला हवं होतं हे खरं आहे. दवाखान्यात बसून लिहून होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

---

खडूस_परीक्षक | सकाळी ७:१२

ते समजू शकते. पण ही सगळी कथा पत्रात लिहू नकोस. ‘मला वाटलं होतं होईल’ हे वाक्य प्रत्येक ईमेलमध्ये असतं.

---

रेल्वेतला_माणूस | सकाळी ७:३०

माझा अनुभव सांगतो, म्हणजे वैदेहीला धीर येईल. नोकरीला नवीन लागलो तेव्हा साहेब कानपूरचे. मी रजेचा अर्ज हिंदीत लिहिला. मराठीत साहेबांना तुम्ही म्हणतो, म्हणून लिहिलं ‘तुम्हारी अनुमति चाहिए’. साहेबांनी लाल पेनाने ‘तुम्हारी’भोवती गोल केला आणि अर्ज परत पाठवला. रजा मंजूर, पण तो गोल अजून आठवतो. तुम्ही आणि तुम एकच वाटतात हो. आपल्याकडे तर सासऱ्यांनाही तुम्हीच.

---

काशीकर | सकाळी ८:१०

रेल्वेवाल्यांची चूक वैदेहीने केलेली नाही, तिने ‘आप’ बरोबर धरलं. पण तिचीच धाकटी बहीण शेवटच्या ओळीत बसली आहे: ‘कुछ सुझाव हो तो आप दो.’ मराठीत ‘तुम्ही द्या, तुम्ही सांगा’ म्हटलं की आदर पुरा होतो. तोच कान हिंदीत ‘आप दो, आप बताओ’ म्हणवतो. मुंबईत आणि दिल्लीतही लोक सर्रास बोलतात. पण ‘दो’ हे ‘तुम’चं क्रियापद. सरांना वर ‘आप’ची खुर्ची देऊन खाली ‘तुम’ची सतरंजी अंथरल्यासारखं होतं. ‘दें’ किंवा ‘दीजिए’. आणखी मऊ हवं तर ‘दीजिएगा’, त्यात आत्ता लगेच असा आग्रह नसतो. तसं हे वाक्य तुला हवंच आहे का? मुदत मागताना सूचनाही मागितल्या की सरांना दोन कामं झाली.

आणि आईचं. ‘माँ अस्पताल में थी.’ मराठीत आई एकेरी, तेच शोभतं. बाबा आले, पण आई आली. हिंदीत थोरांसमोर स्वतःच्या आईबद्दल लिहिताना बहुवचन: ‘माताजी अस्पताल में थीं’. त्या ‘थीं’वरच्या टिंबात आदर आहे. तिकडे घरात ‘माँ आई थी’ म्हणणारेही पुष्कळ असतात, म्हणून ही चूक नव्हे. पण झब्बेवाले सर ते टिंब बघतात.

---

पिंट्या_सातारकर | सकाळी ८:२५

आईला अहो-जाहो! आमच्या आईला ‘तुम्ही’ म्हटलं तर तिला वाटेल मी काहीतरी गुन्हा करून आलोय.

---

बँकवाला_अधिकारी | सकाळी ८:४०

‘विनती’ शब्दाबद्दल कोणी बोललंच नाही. कार्यालयात आम्ही ‘अनुरोध’ वापरतो. तोच द्यावा.

---

मनीषा_इंदूरकर | सकाळी ८:५५

अनुरोध चूक नाही, पण त्याला कार्यालयाचा वास येतो. ‘ग्राहकों से अनुरोध है कि कतार में रहें’ अशी पाटी तुमच्याच बँकेत असेल. तो वरून खालीही चालतो. विनती फार आर्जवी, देवापुढची किंवा सिनेमातली. धाकट्याने थोरल्याकडे मागायला निवेदन सगळ्यात बरं. आणि ‘आग्रह’ चुकूनही नको असं मला वाटतं. हिंदीत आग्रह म्हणजे विनंतीही होते, पण आपल्या मराठी हाताने लिहिला की त्यात जेवणाच्या पंगतीतला आग्रह येतोच.

तीन शब्द राहिले. ‘मुद्दत’ हिंदीत खूप मोठा काळ, मुद्दत हो गई आपको देखे. तू सात दिवस मागतेयस. ‘समय’ लिही. ‘सादर करने’ नको, हिंदीत सादर म्हणजे आदराने. तिथे ‘जमा करना’. आणि सर जी नको, नुसतं सर. ‘सर जी’ रिक्षावाल्यापासून मोबाइल विकणाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात.

---

वैदेही_लातूर | सकाळी ९:३०

सगळं गोळा करून पुन्हा लिहिलं. यावेळी मराठी समोर ठेवलंच नाही.

> विषय: सत्रीय कार्य जमा करने की तिथि के संबंध में
>
> आदरणीय सर,
> सादर प्रणाम।
>
> मैं एम.ए. द्वितीय सत्र की छात्रा वैदेही हूँ। नामदेव के हिंदी पदों पर सत्रीय कार्य १५ मार्च तक जमा करना है। ४ मार्च को लातूर में माताजी के पित्ताशय का ऑपरेशन हुआ, जिसके कारण मैं ३ से १३ मार्च तक वहीं थी। अब वे घर आ गई हैं।
>
> बीस पदों का पाठ-मिलान पूरा हो चुका है, उसकी तालिका संलग्न है। लेखन शेष है। यदि २२ मार्च तक का समय मिल सके तो मैं कार्य ठीक से पूरा कर सकूँगी। आपसे निवेदन है कि इस पर विचार करने की कृपा करें। पहले सूचित न कर पाने के लिए क्षमा चाहती हूँ।
>
> सादर,
> आपकी छात्रा
> वैदेही

---

खडूस_परीक्षक | सकाळी ९:४१

तक्ता जोडलास हे उत्तम. काम झालंय हे सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. मी असते तर मुदत दिली असती. २२ नाही, २० दिली असती, पण दिली असती.

---

काशीकर | सकाळी ९:५०

‘विचार करने की कृपा करें’ छान साधलं. समय देने की कृपा म्हटलं असतं तर निर्णय तूच घेतल्यासारखा झाला असता. आता तो सरांकडे राहिला. ‘सादर’ वर आणि खाली दोनदा आलं आहे, चालतं. माझ्या काळात खाली ‘विनीत’ लिहायचे. मला अजून तेच आवडतं, पण माझं ऐकू नकोस.

---

भैय्याजी_पुणेकर | सकाळी १०:०२

‘ठीक से पूरा कर सकूँगी’ म्हणजे मुदत नाही दिली तर ठीक करणार नाही, अशी धमकी नाही ना होत?

---

मनीषा_इंदूरकर | सकाळी १०:१०

हं, हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. मला तसं वाटत नाही, पण ‘ठीक से’ काढलं तरी वाक्य उभं राहतं.

---

काशीकर | सकाळी १०:१५

राहू दे. ‘ठीक से’ काढलं तर उरतं ‘पूरा कर सकूँगी’, म्हणजे नाहीतर होणारच नाही. ती जास्त धमकी.

---

वैदेही_लातूर | सकाळी १०:३०

‘ठीक से’सकट पाठवली. हात थरथरत होता.

---

वैदेही_लातूर | दुपारी ४:१५

उत्तर आलं! जसंच्या तसं देते:

> ठीक है। २० तक दे दें। तालिका देख ली, राग आसा वाले पदों का क्रम जाँच लें। माताजी का स्वास्थ्य अब कैसा है?

एक शंका. सर वर्गात मला ‘तुम’ म्हणतात, आणि इथे ‘दे दें’, ‘जाँच लें’ असं ‘आप’वालं. हे रागावून केलं असेल का? आमच्याकडे घरात अचानक अहो-जाहो झालं की समजायचं बिनसलंय.

---

पिंट्या_सातारकर | दुपारी ४:२०

बघा, शेवटी राग आलाच पत्रात! आसा का असेना :)

---

काशीकर | दुपारी ४:३८

रागावले नाहीत. लेखी हिंदीत बरेच प्राध्यापक विद्यार्थ्यालाही ‘आप’ लिहितात, तोंडी तुम म्हणत असले तरी. ‘दे दें’ हे ‘दीजिए’पेक्षाही सैल आहे. रागावले असते तर आईची चौकशी केली नसती.

---

मनीषा_इंदूरकर | दुपारी ४:४५

मी काकांइतकी खात्रीने सांगू शकत नाही. माझा नवरा मुलांवर चिडला की नेमकं ‘आप’वर येतो. पण तक्ता उघडून पदांचा क्रम बघणारा माणूस चिडलेला नसावा.

---

खडूस_परीक्षक | दुपारी ४:५०

२०! सांगितलं होतं ना?

---

वैदेही_लातूर | सायंकाळी ५:१०

उत्तर पाठवलं: ‘जी सर, २० तक जमा कर दूँगी। पदों का क्रम आज ही देखती हूँ। माताजी अब ठीक हैं।’

‘हैं’वर टिंब आहे, दोनदा बघितलं.